तीनदा विचारलेला प्रश्न: त्यात आयर्न आहे का?

*डॉक्टरताई, गेल्या मंगळवारी माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलाने खुर्ची ओढली, वरच्या खणातली व्हिटॅमिन गमीजची बाटली काढली आणि सोफ्यामागे बसून खाल्ली. किती खाल्ल्या ते मला सांगता येईना. विषबाधा हेल्पलाइनला फोन केला, तर तिथल्या डॉक्टरबाईंनी एकच प्रश्न तीनदा विचारला, "त्यात आयर्न आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांचा सूरच बदलला. "घरीच ठेवा, पाणी पाजा," म्हणाल्या. रात्री त्याला दोनदा पातळ शी झाली, बाकी काही नाही. त्याच खणात माझ्या बाळंतपणानंतरच्या लोहाच्या गोळ्या होत्या, त्यांना त्याने हात लावला नाही. आयर्नचंच एवढं काय? आणि मग गमीज सुरक्षित समजायच्या का?*

*दुसरं म्हणजे, पाच महिन्यांच्या मुलीला व्हिटॅमिन डीचे थेंब देतो. जुनी बाटली संपल्यावर वेगळ्या कंपनीची आणली. ड्रॉपर जुनाच वापरतोय, रेघेपर्यंत भरून. नऊ दिवस झाले. नव्या बाटलीवर "१ थेंब" असं काहीतरी लिहिलंय. चालेल ना?*

*– दोन लेकरांची आई*

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला कळवलं होतं की थेंब आजपासून बंद करा आणि उद्या बाळाला घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. तुम्ही गेलात, रक्त तपासलं, कॅल्शियम ठीक आलं. तेव्हा आता निवांत लिहिते. गंमत अशी, की तुमचं अर्ध्याहून अधिक पत्र गमीजबद्दल आहे आणि मला काळजी वाटली ती शेवटच्या चार ओळींची. आणि त्याहून जास्त, त्या मधल्या एका वाक्याची, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत: त्याच खणात लोहाच्या गोळ्या होत्या.

आधी मंगळवारचा हिशेब करू. किती खाल्ल्या हे सांगता येत नाही, असं जवळपास प्रत्येक आई म्हणते, आणि तरी बहुतेक वेळा ते काढता येतं. मूल सांगतं त्यावर जायचं नाही, कारण साडेतीन वर्षांच्या मुलाचं "दोनच खाल्ल्या" हे दोनही असतं आणि वीसही. बाटलीवर जायचं. तुम्ही नंतर कळवलंत त्याप्रमाणे बाटली ६० ची होती, सोळा दिवसांपूर्वी उघडली आणि रोज एक दिलीत. म्हणजे मंगळवारी सकाळी ४४ उरायला हव्या होत्या. बाटलीत सापडल्या १७, सोफ्याखाली ४, त्यातही एक अर्धी चावलेली. ती अर्धी मी खाल्लेल्यांत धरत नाही, पण शंका असेल तर धरावी. शंकेचा फायदा नेहमी मोठ्या आकड्याला द्यायचा. ४४ मधून २१ गेल्या, राहिल्या २३. जास्तीत जास्त तेवीस. हेल्पलाइनला हाच आकडा लागतो. "नेमक्या किती" हे त्यांना नको असतं, "जास्तीत जास्त किती" हे हवं असतं.

आता लेबल. इथे एक बारीक खाच आहे आणि शिकलेली माणसंही तिच्यात पडतात. लेबलवरचे आकडे एका गमीचे नसतात, एका मात्रेचे असतात, आणि मात्रा किती हे वरच्या ओळीत छोट्या अक्षरांत लिहिलेलं असतं. तुमच्या बाटलीची मात्रा दोन गमीजची आहे. म्हणजे तेवीस गमीज म्हणजे साडेअकरा मात्रा. काही बाटल्यांवर मात्रा एकाच गमीची असते, काहींवर तीनची. ती ओळ न वाचता केलेला हिशेब दुपटीने किंवा तिपटीने चुकतो.

तुमच्या लेबलवर एका मात्रेत व्हिटॅमिन ए ३०० मायक्रोग्रॅम आहे. साडेअकरा मात्रांचं झालं ३,४५० मायक्रोग्रॅम, जुन्या एककात सुमारे साडेअकरा हजार आययू. तुमच्या मुलाच्या वयात रोज रोज घ्यायची वरची मर्यादा ६०० मायक्रोग्रॅम आहे, त्यामुळे आकडा पाहून धस्स होतं. पण ती मर्यादा महिनोन्महिने घेण्याची आहे. एका बैठकीत लहान मुलाला व्हिटॅमिन एची विषबाधा व्हायला साधारण तीन लाख आययूच्या पुढे जावं लागतं. तेव्हा डोकेदुखी, उलट्या, सुस्ती येते आणि तान्ह्या बाळाची टाळू फुगते. तुमचा मुलगा त्याच्या जवळपासही नव्हता. व्हिटॅमिन डी मात्रेला ४०० आययू, म्हणजे एकूण ४,६००. मुडदूस झालेल्या मुलांना डॉक्टर एकाच वेळी लाखाच्या घरातला डोस देतात, त्यापुढे हे काहीच नाही. सी आणि बी गटातली व्हिटॅमिन्स पाण्यात विरघळतात, जास्तीची लघवीवाटे निघून जातात. रात्रीची पातळ शी बहुधा सी, झिंक आणि गमीजमधल्या गोडव्याची होती. साखरेऐवजी सॉर्बिटॉलसारखं गोडवट वापरलं असेल तर हमखास पोट बिघडतं.

तेव्हा पाणी पाजा, घरी ठेवा, हा सल्ला अगदी बरोबर होता. त्यात मी एवढीच भर घालेन की पुढचे तीनचार आठवडे त्याला गमीज देऊच नका. ए आणि डी चरबीत विरघळतात, शरीरात साठून राहतात आणि सावकाश उतरतात. त्याचा साठा त्या एका दुपारी पुरेसा भरलाय.

आता आयर्न. शेवटच्या मात्रेपर्यंत सगळा हिशेब होऊन जे निरुपद्रवी ठरलं, ते या एका शब्दाने उलटं झालं असतं. म्हणून त्या बाईंनी तीनदा विचारलं. एकदा विचारलं तर घाबरलेली आई "नाही" म्हणते. दुसऱ्यांदा विचारलं की लेबल हातात घेते. तिसऱ्यांदा विचारलं की खरंच वाचते. मीही असंच करते.

बहुतेक गमीजमध्ये लोह नसतं. त्याचं एक कारण चव, कारण लोहाची धातूसारखी चव साखरेत लपत नाही. दुसरं कारण सुरक्षितता. पण "बहुतेक" म्हणजे सगळ्या नव्हेत. शिवाय चघळून खायच्या काही व्हिटॅमिन गोळ्यांत लोह असतं आणि त्या दिसायला गमीजच्या सख्ख्या बहिणी असतात.

लोहाचा त्रास दोन पदरी आहे. पहिला पदर पोटातला. लोहाचे क्षार जठराच्या आणि आतड्याच्या अस्तराला भाजल्यासारखं करतात. म्हणून पहिल्या सहा तासांत उलट्या आणि जुलाब होतात, कधी त्यांत रक्त दिसतं. दुसरा पदर रक्तातला. इतर पुष्कळ गोष्टी लघवीवाटे बाहेर टाकायची सोय शरीराकडे आहे, लोहाची नाही. नको असलेलं लोह आतड्यानेच आत घेऊ नये, एवढीच काय ती व्यवस्था. एकदम खूप लोह आलं की ते दार मोडतं. मोकळं लोह रक्तात फिरतं आणि पेशींची ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बंद पाडतं. रक्तात आम्ल साठतं, रक्तदाब कोसळतो, यकृत बिघडतं.

या दोन पदरांच्या मध्ये जे येतं, ते मला सगळ्यांत भयंकर वाटतं. उलट्या थांबतात. मूल शांत होतं, कधी चक्क खेळायला लागतं. साधारण सहा ते चोवीस तासांमधला हा काळ. घरच्यांना वाटतं, ओकलं ते बरं झालं, निघून गेलं सगळं. पुष्कळ वर्षांपूर्वी, मी शिकत असताना, रात्रपाळीला एक बाप दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आला होता. दुपारी ती चारपाच वेळा ओकली होती, संध्याकाळी हसत होती, आणि रात्री अकरा वाजता हाका मारल्या तरी डोळे उघडेना. आईच्या गोळ्यांच्या पाकिटात अठरा कप्पे रिकामे होते, पण ते पाकीट कुणी उघडून पाहिलं नव्हतं, कारण संध्याकाळी मुलगी बरी होती. ती वाचली. पंधरा दिवस लागले. तिच्या बापाचं "पण ती हसत होती हो" हे वाक्य मी अजून विद्यार्थ्यांना ऐकवते.

म्हणून नियम साधा आहे. लोह खाल्ल्याची शक्यता असेल आणि मूल ओकलं असेल, तर ते नंतर कितीही बरं दिसो, रुग्णालयात न्यायचं. उलट, सहा तास उलटी नाही, जुलाब नाही, मूल नेहमीसारखं आहे, तर गंभीर विषबाधा झाली असण्याची शक्यता फारच कमी. याला एक अपवाद आहे. काही गोळ्यांवर आतड्यात उशिरा विरघळणारं आवरण असतं. त्यांचा त्रासही उशिरा सुरू होतो, तिथे सहा तासांचा भरवसा धरू नये.

आता तुमच्या खणातल्या गोळ्यांचा हिशेब तुमच्याच मुलावर करून पाहू. लोहाचा डोस वजनावर मोजतात आणि तोही गोळीतल्या निव्वळ लोहावर. पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा पुष्कळदा लोहाच्या क्षाराचा असतो. फेरस फ्युमरेट असेल तर त्यात लोह साधारण एक तृतीयांश, फेरस सल्फेट असेल तर साधारण एक पंचमांश, फेरस ग्लुकोनेट असेल तर जेमतेम आठवा हिस्सा. बाळंतिणीच्या गोळीत निव्वळ लोह ६० मिलिग्रॅम धरू, हा सर्रास आढळणारा आकडा आहे. तुमच्या मुलाचं वजन १४ किलो. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत सहसा काही होत नाही, फार तर पोट बिघडतं. त्याच्यासाठी ही मर्यादा २८० मिलिग्रॅम, म्हणजे पाच गोळ्यासुद्धा नाहीत. किलोमागे ४० च्या पुढे गेलं की लक्षणं असोत वा नसोत, रुग्णालय. ते ५६० मिलिग्रॅम, म्हणजे नऊ गोळ्या झाल्या आणि दहावी तोंडात आहे. किलोमागे ६० च्या पुढे जिवावर बेतू शकतं. त्याच्यासाठी चौदा गोळ्या.

चौदा. त्याने गमीज तेवीस खाल्ल्या.

म्हणून तुमच्या "हात लावला नाही" या वाक्यावर मी अडकले. त्याने त्या गोळ्या ओळखून टाळल्या नाहीत. त्याचा हात आधी दुसऱ्या बाटलीवर पडला, इतकंच. लोहाच्या पुष्कळ गोळ्या लालचुटूक, गुळगुळीत आणि वरून साखरेच्या थराच्या असतात. जीभ लावल्यावर पहिली चव गोडच लागते. साडेतीन वर्षांच्या मुलाने त्या महिन्यात रोज पाहिलंय की वरच्या खणातून आई एक बाटली काढते आणि त्यातून गोड गोळी निघते. गमीचा खरा धोका मला तिच्यातल्या व्हिटॅमिनांत दिसत नाही. तो या शिकवणीत दिसतो. गमी मुलाला शिकवते की औषधाच्या खणात खाऊ असतो.

आणि घरात तान्हं बाळ आलेलं असताना हे जास्त घडतं, हे बालरोगतज्ज्ञांना फार जुनं ठाऊक आहे. आईच्या लोहाच्या गोळ्या घरात असतात, रात्रीची झोप नसते, सगळ्यांचं लक्ष पाळण्याकडे असतं आणि मोठ्या भावंडाला तर लक्ष वेधून घ्यायचंच असतं. अमेरिकेत एके काळी सहा वर्षांखालच्या मुलांच्या औषधी विषबाधेतल्या मृत्यूंचं लोह हे पहिल्या क्रमांकाचं कारण होतं. १९९७ साली तिथे लोहाच्या उत्पादनांवर ठळक इशारा छापणं सक्तीचं झालं आणि जास्त लोहाच्या गोळ्या एकेक वेगळ्या कप्प्यात बांधायला लावल्या. कप्प्यांची सक्ती पुढे न्यायालयात टिकली नाही, इशारा मात्र राहिला. पण कप्प्यांची कल्पना मला आजही पटते. एकेक गोळी फोडून काढायला लागली की मुलाचा उत्साह तिसऱ्या-चौथ्या गोळीला ओसरतो. बाटली उपडी केली की तीस गोळ्या एका मुठीत. तुम्हाला निवड असेल तेव्हा लोहाच्या गोळ्या बाटलीत घेऊ नका, पाकिटात घ्या, आणि पाकिटातून काढून डबीत भरून ठेवू नका.

झाकणाबद्दल एक वाक्य, कारण तुम्ही फोनवर म्हणालात की "ते लहान मुलांना न उघडणारं झाकण होतं." तसं झाकण म्हणजे कुलूप नव्हे. अमेरिकेच्या कसोटीत साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांना दहा मिनिटं झाकणाशी झटू देतात, आणि त्यांतल्या किमान ८० टक्क्यांना उघडता आलं नाही की झाकण पास. म्हणजे दर पाचातल्या एकाने उघडलं तरीही पास. आणि दहा मिनिटं म्हणजे तुम्ही बाळाला पाजून पाळण्यात ठेवता तेवढा वेळ. शिवाय लोह नसलेल्या गमीजना असं झाकण असेलच, याची सगळीकडे सक्तीही नाही.

समजा, लोह खाल्लंय असं कळलं. घशात बोट घालून ओकवू नका. मिठाचं पाणी तर मुळीच नको, त्याने वेगळीच विषबाधा होते. घरोघरी ऐकलेला कोळशाच्या पुडीचा उपायही इथे चालत नाही, कारण कोळसा लोहाला धरतच नाही. बाटली किंवा पाकीट, उरलेल्या गोळ्या आणि मुलाचं वजन, एवढं घेऊन निघा. रुग्णालयात पोटाचा एक्स-रे काढतात, कारण न विरघळलेल्या लोहाच्या गोळ्या त्यात पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. चघळलेल्या गोळ्या किंवा पातळ औषध मात्र दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होता येत नाही. रक्तातलं लोह खाल्ल्यानंतर चार ते सहा तासांनी मोजतात. त्या आधीचा आकडा अपुरा असतो आणि फार उशिराचा फसवा, कारण तोवर लोह रक्तातून पेशींत उतरलेलं असतं. गरज पडली तर डेफेरॉक्सामिन हे उतारा-औषध शिरेतून देतात. ते लोहाला बांधून लघवीवाटे बाहेर नेतं आणि लघवी लालसर होते. ते पाहून घाबरू नका, ते हवं असलेलं असतं.

गोळ्यांइतकंच लक्ष लोहाच्या थेंबांवर ठेवा, कारण "ड्रॉप्स" म्हटलं की आपल्याला ते सौम्यच वाटतात. एका मिलीत २५ मिलिग्रॅम निव्वळ लोह असलेली १५ मिलीची चिमुकली बाटली घ्या. अख्खी बाटली म्हणजे ३७५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाने ती गोड लागली म्हणून संपवली, तर किलोमागे साडेसदतीस होतात, म्हणजे रुग्णालयाच्या उंबरठ्यावर. बाटली माझ्या अंगठ्याएवढी असते.

आता व्हिटॅमिन डीच्या थेंबांकडे येते. इथे कुणी खण उघडला नाही, कुणी चोरून खाल्लं नाही. इथे दोन शहाणी माणसं रोज प्रेमाने, रेघेपर्यंत भरून, चुकीचा डोस देत होती.

तुमची जुनी बाटली एका मिलीत ४०० आययूची होती. नवी बाटली एका थेंबात ४०० आययूची. दोन्हींवर "४००" हाच आकडा ठळक, पुढचं "प्रति मिली" आणि "प्रति थेंब" मात्र बारीक. एका मिलीत साधारण तीस थेंब येतात, थेंब किती जाड पडतो त्यावर थोडे इकडेतिकडे. म्हणजे बाळाला रोज ४०० ऐवजी सुमारे १२,००० आययू जात होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी रोजची वरची मर्यादा १,००० आहे. नऊ दिवसांत १,०८,००० झाले. हे तुमच्या एकट्याच्या घरात घडलेलं नाही. २०१० साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, अशाच चुकीबद्दल पालकांना आणि कंपन्यांना सावध केलं होतं: काही बाटल्यांसोबतचा ड्रॉपर रोजच्या डोसपेक्षा कितीतरी जास्त औषध उचलतो, तेव्हा ड्रॉपरमध्ये ४०० आययूपेक्षा जास्त मावूच नये.

एक लाख आठ हजार ही संख्या एकदाच गेली असती तर बहुतेक बाळांनी ती पचवली असती. मुडदुसाच्या उपचारात लाखाच्या घरातला डोस देतात हे वर आलंच आहे. पण तुमची चूक एका दिवसाची नव्हती आणि पत्र लिहिलं नसतंत तर ती तशीच चालत राहिली असती. दोन महिने म्हणजे सात लाखांच्या वर. रोजच्या जास्तीच्या डीमुळे आतडं कॅल्शियम जास्त ओढतं आणि हाडांतूनही ते रक्तात येतं. वाढलेलं कॅल्शियम मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवू देत नाही. म्हणून लंगोट सारखी ओली होते, बाळ सुकतं, शी घट्ट होते, दूध ओढेनासं होतं, ओकतं, चिडचिडं किंवा मलूल होतं. यातली एकही गोष्ट "व्हिटॅमिन जास्त झालं" असं ओरडून सांगत नाही. दात येत असतील, पोट दुखत असेल, म्हणून आठवडे जातात. काही बाळांमध्ये कॅल्शियम मूत्रपिंडात साचून बसतं.

म्हणून रक्त तपासायला सांगितलं. कॅल्शियम ठीक आलं, ही चांगली बातमी. पण सोबत २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डीही मोजायला सांगितलं होतं, त्याचा अहवाल आला की डॉक्टरांना दाखवा. रक्तातलं हे प्रमाण अर्ध्यावर यायला दोनतीन आठवडे लागतात. त्यामुळे थेंब बंद केले म्हणून परिणाम लगेच थांबत नाही आणि डॉक्टर काही दिवसांनी कॅल्शियम पुन्हा पाहतील. तोवर वर सांगितलेल्यांपैकी काही दिसलं तर वाट पाहू नका. थेंब पुन्हा कधी सुरू करायचे हेही त्यांनाच ठरवू द्या. बाळ वरचं पावडरचं दूध पीत असेल तर त्यातही डी असतं, ते त्यांना आठवणीने सांगा.

पुढे सुरू कराल तेव्हा जुना ड्रॉपर टाकून द्या. धुऊन ठेवू नका, टाकाच. प्रत्येक बाटलीचा ड्रॉपर त्याच बाटलीसाठी असतो. एका थेंबाचं औषध असेल तर थेट तोंडात पाडू नका. वयस्क माणसाचा हात थरथरला किंवा बाळाने मान फिरवली तर एकाचे तीन कधी होतात कळत नाही. चमच्यावर एक थेंब पाडा, डोळ्यांनी पाहा, मग द्या. आणि घरात एकच माणूस देईल असं ठरवा. "तू दिलेस का" आणि "मला वाटलं तू दिले नाहीस" या दोन वाक्यांमध्ये मी दुप्पट डोस घेतलेली पुष्कळ बाळं पाहिलीत.

लेबल वाचा, लेबल वाचा, असं मी इतकं म्हणतेय, तर त्याची मर्यादाही सांगायला हवी. गमीमध्ये व्हिटॅमिन टिकायला अवघड जातं. त्यामुळे मुदत संपेपर्यंत लेबलवरचा आकडा भरावा म्हणून कंपन्या सुरुवातीला थोडं जास्तच घालतात. व्हिटॅमिनांत हा फरक सहसा सोसतो. झोपेच्या मेलाटोनिन गमीजमध्ये सोसत नाही. २०२३ साली अमेरिकेत अशा २५ उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. २२ मध्ये लेबल आणि आतला माल जुळत नव्हता, एका टोकाला तर लेबलच्या साडेतीनपटीच्या जवळपास मेलाटोनिन निघालं. तुमच्या घरात कुणी त्या घेत असेल, तर त्या मुलांच्या गमीजच्या शेजारी नकोत. मुलाने मेलाटोनिन गमीज खाल्ल्या असतील, तर वर केला तसा आकडेमोडीचा हिशेब करत बसू नका. लगेच फोन करा, आणि मूल नेहमीपेक्षा जास्त झोपाळलं, उठवून उठेना किंवा श्वास वेगळा वाटला तर फोनही नको, थेट रुग्णालय.

गमीज सुरक्षित का, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की तुमच्या मुलाला त्यांची गरज होती का, हे आधी विचारा. नीट खाणाऱ्या मुलाला सहसा नसते. डॉक्टरांनी काही कमी असल्याचं सांगितलं असेल, तर मी पातळ औषध किंवा साधी, बेचव गोळी पसंत करेन. तोंड वाकडं करून घेतलेली गोळी मूल चोरून खात नाही. तरीही गमीज द्यायच्याच असतील तर चार वर्षांपर्यंत थांबा, कारण चिकट गमी घशात अडकायची भीतीही असते. देताना "खाऊ" म्हणू नका आणि शहाणपणाचं बक्षीस म्हणून तर कधीच देऊ नका.

आणि आज रात्री मुलं झोपल्यावर एक काम करा. तो वरचा खण रिकामा करा. लोहाच्या गोळ्या कुलपात जाऊ देत. खुर्ची ओढणाऱ्या मुलापुढे उंची हे काही कुलूप नाही, हे त्याने मंगळवारी दाखवलंच आहे. पाहुण्यांच्या पर्समधल्या आणि आजीच्या उशाशी असलेल्या गोळ्याही त्यातच मोजा. उरलेल्या बाटल्यांवर मार्करने दोनच गोष्टी लिहा: उघडल्याची तारीख आणि रोज किती जातात. मुलांची वजनं एका चिठ्ठीवर लिहून हेल्पलाइनच्या नंबराखाली चिकटवा. दर दोन महिन्यांनी तो आकडा बदलावा लागेल, लहानीचा तर दर महिन्याला.